चेंडूची निवड ग्रीनपासून सुरू करा

ज्यांचा स्विंग संथ आहे, त्यांना गोल्फच्या दुकानात बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : "मऊ चेंडू घ्या, कडक चेंडू तुमच्याकडून दाबला जाणार नाही." हा सल्ला मला पटत नाही.

कॉम्प्रेशन म्हणजे ठरावीक भाराखाली चेंडू किती दबतो याचे माप. कमी दबला, तर आकडा मोठा. अगदी मऊ चेंडू 40 च्या आसपास असतात, तर व्यावसायिक खेळाडूंचे बरेचसे चेंडू 85 ते 100 च्या दरम्यान. मात्र प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत सारखी नसते आणि खोक्यावर हा आकडा सहसा छापलेलाही नसतो. 'सॉफ्ट' हा शब्द तेवढा ठळक असतो.

दबतो तर प्रत्येकच चेंडू, संथ स्विंगनेही. समजा, ड्रायव्हरचा वेग ताशी 80 मैल आहे. नीट बसलेल्या फटक्यावर चेंडू ताशी 115 मैलांच्या आसपास सुटतो. अतिमऊ चेंडू कडक चेंडूपेक्षा सहसा किंचित हळूच निघतो. या वेगाला तो फरक इतका लहान असतो, की पल्ल्यात दोन-चार यार्ड इकडेतिकडे. म्हणजे मऊपणामुळे अंतर वाढत नाही. मिळतो तो हाताला सुखद स्पर्श आणि दबका आवाज. तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा.

खरा फरक पडतो तो थरांमुळे, त्यातही सर्वांत बाहेरच्या थरामुळे. दोन थरांच्या चेंडूत रबराचा मोठा गाभा आणि त्यावर आयनोमर नावाच्या चिवट प्लास्टिकचे आवरण असते. तीन थरांच्या महागड्या चेंडूत मध्ये एक कडक थर असतो आणि वर युरेथेनची पातळ, मऊ साल. ड्रायव्हरने मारताना ही साल फारशी जाणवत नाही. पण 40 यार्डांवरून वेजने मारलेल्या फटक्यात वेजच्या खाचा युरेथेनला पकडतात, चेंडूला फिरकी मिळते आणि तो ग्रीनवर लवकर थांबतो. आयनोमर तिथे खाचांवरून घसरतो. चेंडू थोडा उंच उडतो, पण पडल्यावर बरीच पावले पुढे धावतो.

संथ स्विंगच्या खेळाडूचे बरेच दुसरे फटके ग्रीनच्या अलीकडेच राहतात. त्यामुळे अशा छोट्या फटक्यांची वेळ त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त येते.

म्हणून पारख उलट्या क्रमाने करावी. दोन प्रकारचे तीन-तीन चेंडू घ्या. आधी पटिंग, मग चिप, मग 40 यार्डांचा पिच. प्रत्येक चेंडू पडल्यावर किती पावले धावला ते मोजा. त्यानंतर सात नंबरच्या आयर्नने मारून पाहा. चेंडू खालून जाऊन ग्रीनपलीकडे धावत असेल, तर अधिक उंच उडणारा चेंडू हवा. ड्रायव्हर सर्वांत शेवटी.

मात्र एका फेरीत तीन-चार चेंडू पाण्यात किंवा झुडपांत जात असतील, तर सध्या दोन थरांचाच घ्या. फक्त दर वेळी तोच घ्या, म्हणजे तो पडल्यावर किती धावतो याचा अंदाज हाताला बसेल.