पोट दगडासारखं लागलं म्हणजे बरं

बाळ झालं, वार पडली, की नर्स बाळंतिणीच्या बेंबीपाशी हात दाबून पाहते. गर्भाशयाचा गोळा टणक लागला तर ती निश्चिंत होते. लिबलिबीत लागला तर लगेच चोळायला घेते. भरल्या दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं. वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळण्याचं काम त्यांच्याभोवती विणलेल्या अरेखित स्नायूंचंच.

हा स्नायू दंडातल्या स्नायूसारखा चालत नाही. दोन्हीकडे सुरुवात कॅल्शियमनेच होते, पण दंडात कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतं आणि वाट मोकळी होते. इथे ट्रोपोनिन नाहीच. पेशीत शिरलेले कॅल्शियमचे चार कण कॅल्मोड्युलिन नावाच्या छोट्या प्रथिनावर बसतात. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागं करते आणि ते मायोसिनला फॉस्फेट जोडतं. मगच मायोसिन ॲक्टिनला धरून ओढू लागतं. कॅल्शियम ओसरलं, की दुसरं विकर, फॉस्फटेज, तो फॉस्फेट काढून घेतं आणि स्नायू सैलावतो. एवढ्या पायऱ्यांमुळे काम संथ होतं, पण पकड कमी ऊर्जेत बराच वेळ टिकते. आवळून बसायचं असेल तर आणखी काय हवं?

पण नुसती ताकद पुरत नाही. सगळ्या पेशी एकदम आवळल्या पाहिजेत. गर्भाशयाचा स्नायू ‘एकल-एकक’ प्रकारचा आहे. त्याच्या पेशी सूक्ष्म छिद्रांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एकीत उठलेला विद्युत संदेश शेजारणींकडे पसरतो. गरोदरपणात हे जोड मोजकेच असतात. कळांचे दिवस जवळ आले, की ते भराभर वाढतात.

डोळ्याच्या बाहुलीचा स्नायू याच्या उलट, ‘बहु-एकक’. तिथे पेशी बऱ्याच स्वतंत्र असतात आणि प्रत्येकीला चेतातंतूकडून हुकूम लागतो. म्हणून तपासणीआधी ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून तो हुकूम अडवला, की बाहुली काही तास मोठीच राहते. गर्भाशय चेतातंतूंच्या हुकुमावर अडून बसत नाही. त्याला ऑक्सिटोसिनसारखी संप्रेरकं चेतवतात.

म्हणूनच प्रसूतीनंतर रक्तस्राव टाळायला १० युनिट ऑक्सिटोसिन टोचतात. मात्र कळांसाठी ते सलाइनमधून तासन्‌तास चालू असेल, तर पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि गोळा लिबलिबीतच राहतो. मग डॉक्टर दुसऱ्या दारानं कॅल्शियम वाढवणारी औषधं काढतात आणि इथे बाईचा पूर्वेतिहास आडवा येतो. रक्तदाब जास्त असेल तर मिथाइलअर्गोमेट्रिन टाळतात, कारण ते रक्तवाहिन्याही आवळतं. दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नको, कारण श्वासनलिकांच्या भिंतीतही असाच स्नायू आहे आणि तोही आवळू शकतो.