आठाचा भागाकार

ब्रॉडबँडच्या योजनेत जो ‘300’चा आकडा ठळक छापलेला असतो तो मेगाबिटांचा, आणि खेळ उतरवताना पडद्यावर जे आकारमान दिसते ते गिगाबाइटांचे, आठ बिट मिळून एक बाइट होतो एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून भागाकार केला, की कितीतरी तक्रारींचे अर्ज लिहिण्यापूर्वीच निकाली निघतात. पडद्यावरही `Mbps` यातील `b` धाकटी असते आणि `MB/s` यातील `B` थोरली असते. डोळ्यांना नगण्य वाटणाऱ्या या भेदाने उत्तर आठपट बदलते.

तीनशेला आठाने भागले की सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट येतात. पण तेवढेही पूर्णपणे पदरात पडत नाहीत. माहिती लहान लहान पुडक्यांनी येते, आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता, क्रमांक व पडताळणीचा मजकूर चढवावा लागतो. केबलीवरून 1538 बाइटांएवढा प्रवास घडतो तेव्हा त्यांतले सुमारे 1460 बाइट खऱ्या मालाचे असतात. ही पाच टक्क्यांची जकात वजा जाता साडेपस्तीस उरतात, म्हणजे एका गिगाबाइटाला अठ्ठावीस सेकंद. मी हिशेब नेहमी याच रूपात मनात ठेवतो, कारण मग कोणत्याही खेळाचे आकारमान अठ्ठाविसांनी गुणले की काम भागते: 90 गिगाबाइटांना 2520 सेकंद, म्हणजेच बेचाळीस मिनिटे.

पुण्यात माझ्या भाच्याने असाच एक नव्वद गिगाबाइटांचा खेळ स्टीमवर उतरवायला लावला, तेव्हा शिल्लक वेळ दोन तासांहून अधिक दिसू लागला आणि त्याने स्वाभाविकपणेच म्हटले, “मामा, कंपनी फसवतेय. पैसे तीनशेचे, आणि मिळतंय बारासुद्धा नाही.” पडद्यावर 11.7 मेगाबाइटांचा वेग होता. केवळ आठाच्या भागाकाराने या तुटीचा उलगडा होत नव्हता. पण उलट दिशेने आठाने गुणताच जवळपास 94 हा आकडा आला, आणि ज्याने घरगुती जाळ्यांची थोडीबहुत दुरुस्ती केली आहे त्याला हा आकडा परिचयाचा असतो. शंभरातून तीच पाच टक्क्यांची जकात वजा केली की एवढेच उरते. अर्थात बाहेरून तीनशे येत असोत वा पाचशे, वाटेत कोठेतरी शंभराची मर्यादा पडलेली होती. गर्दीमुळे वेग घटतो तेव्हा तो खालीवर होत राहतो. एकाच आकड्यावर चिकटून बसलेला वेग हे बहुधा एखाद्या यंत्राच्या किंवा केबलीच्या मर्यादेचे लक्षण होय.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये `Ethernet` उघडून पाहिले असता `Link speed` पुढे `100/100 (Mbps)` असे नमूद होते. राउटर आणि संगणक दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे असल्याने संशय केबलीवर येणे क्रमप्राप्तच होते. या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात, आणि उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की दोन्ही यंत्रे आपसांत बहुधा निमूटपणे शंभरावर तडजोड करतात. जोडणी चालूच राहत असल्याने दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. इथे केबल कपाटाच्या पायाखाली चेपली गेली होती. दुसरी लावताच `1000/1000` दिसले, आणि वेग पस्तिसांवर गेला.

तरीही स्टीमच्या डाउनलोडच्या पानावरचा वेगाचा आलेख सपाट राहिला नाही. मधूनमधून तो शून्यापर्यंत खाली येई. खेळ संकुचित स्वरूपात येतो आणि संगणक तो उलगडून डिस्कवर लिहीत जातो. भाच्याची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची, ती मागे पडली की स्टीम नवा माल घेणे थांबवते. अशा वेळी त्याच पानावर डिस्कच्या लेखनाची रेषा वर चढलेली दिसते, आणि त्यावरून दोष जाळ्याचा नाही हे ओळखता येते. खेळ संकुचित स्वरूपात येतो म्हणूनच त्याच्या पात्रतेच्या यादीत लिहिलेली मोकळी जागा, बाल्डर्स गेट 3 साठी ती 150 गिगाबाइट आहे, हिशेबात धरू नये. प्रत्यक्ष उतरवायचे आकारमान डाउनलोड सुरू करताना दिसते तेच घ्यावे.

बेचाळीस मिनिटांचा अंदाज शेवटी पाऊण तासाच्या वर गेला तो या डिस्कपायी. ज्याला कंपनीकडे दाद मागायची असेल त्याने वाय-फाय टाळून, केबलीने, `Link speed` पडताळून, सकाळी आणि रात्री अशा दोन वेळी वेगाची नोंद घ्यावी. सकाळी 280 आणि रात्री दहाला 90 असे अंतर रोज आढळले, तर तक्रारीला आधार आहे. दोन्ही वेळा 94 आले, तर आधी आपल्याच घरातली केबल तपासावी.