दात मेला की नुसता गप्प आहे?

नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. तीन आठवड्यांपूर्वी तो सायकलवरून पडला आणि वरच्या समोरच्या एका दाताला मार बसला. दात तुटला नव्हता, हलतही नव्हता. मात्र आधी केलेल्या विजेच्या तपासणीत त्या दाताने दाद दिली नव्हती. ‘नस मेली, रूट कॅनल करावे लागेल,’ असे त्यांना सांगण्यात आले होते. “डॉक्टर, एवढ्या लहान वयात?” आईचा प्रश्न रास्त होता.

दाताच्या आतला मऊ गर जिवंत राहतो तो रक्तपुरवठ्यावर. आपल्या या तपासण्या मात्र रक्ताला नव्हे, मज्जातंतूंना हाक मारतात. मार बसलेल्या दाताचे रक्त चालू असूनही मज्जातंतू दोन-तीन महिने गप्प राहू शकतात.

मी आधी शेजारचा, मार न लागलेला दात तपासला. तुलनेला चांगला दात हवाच. दोन्ही दात कापसाने कोरडे केले, कारण ओल्या दातावरून वीज हिरडीत उतरते आणि फसवे उत्तर मिळते. मग यंत्राच्या टोकाला टूथपेस्ट लावून ते दातावर टेकवले. आकडा शेवटच्या ऐंशीपर्यंत गेला. मार बसलेला दात बोलला नाही, आणि शेजारचा चांगला दातही बोलला नाही!

त्यानंतर गारवा देणारा फवारा कापसाच्या बोळ्यावर मारून तो दातावर धरला. शेजारच्या दाताला लगेच गार लागले. मार बसलेल्याला जरा उशिरा, पण लागले. बोळा काढताच ते थांबलेही.

दोन तपासण्यांची दोन उत्तरे. खरे कोणाचे मानायचे? कोवळ्या दातात विजेला प्रतिसाद देणारे तंतू पुरते तयार व्हायला दात उगवल्यावर काही वर्षे जातात. म्हणून या वयात विजेपेक्षा गारव्याचा कौल अधिक भरवशाचा. एक्स-रेमध्ये दोन्ही मुळांची टोके अजून उघडी होती, म्हणजे मुळांची वाढ चालू होती. जिवंत गर काढला असता, तर ती तिथेच थांबून मूळ आखूड आणि पातळ राहिले असते.

मी थांबायचे ठरवले; पण थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. गर खरोखर मेला तर अशा दाताचे मूळ झपाट्याने झिजू शकते. म्हणून तपासणीच्या तारखा ठरवून दिल्या. हिरडीवर पुळी, दातावर चावताना दुखणे, एक्स-रेमध्ये मुळाशी काळी छटा, किंवा शेजारचे मूळ वाढत असताना याचे थांबणे, अशी खूण दिसली तरच उपचार, असे आईला समजावले. नुसत्या एका गप्प तपासणीवर नाही.

वर्षभराने दोन्ही मुळे सारखीच वाढली होती. विजेला मात्र तो दात तेव्हाही गप्पच होता.