हडंब्याचा नफा कुठे गेला?

1994 साली जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस 335 हे सोयाबीनचे वाण आले आणि पुढच्या काही वर्षांत वाशीम जिल्ह्यातल्या ज्वारी, मूग, उडदाच्या रानांत सोयाबीनने जागा घेतली. मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा याच पट्ट्यातले गाव. या पिकाबरोबर खळ्यावरची बैलांची पात मागे पडली आणि ट्रॅक्टरवर चालणारे मळणीयंत्र, म्हणजे आपला हडंबा, घरोघरच्या सुडीपाशी जाऊ लागला. मळणी स्वस्त झाली, यात वाद नाही. वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडला, याचा मागोवा मात्र नीट घेतला जात नाही. यंत्रवाल्याच्या, असे उत्तर चटकन दिले जाते. माझ्या मते ते फक्त पहिल्या काही हंगामांपुरते खरे आहे.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. समजा, जुन्या पद्धतीने एक क्विंटल मळायला 500 रुपये लागत होते आणि हडंब्याला डिझेल, मजूर, झीज व कर्जाचे व्याज धरून 200 रुपये लागतात. गावात एकच यंत्र असेल तर मालक 450 रुपये मागू शकतो. शेतकऱ्याचे 50 वाचतात, मालकाला 250 सुटतात. पण हे 250 रुपये शेजाऱ्यालाही दिसतात. यंत्र घ्यायला परवाना लागत नाही, चालवायला दुर्मीळ कसब लागत नाही. दुसरा, तिसरा, चौथा हडंबा आला की दर 350, मग 275 असा उतरत 200 च्या जवळ येतो. तिथे आता क्विंटलमागचे जवळजवळ सगळे 300 रुपये मळून घेणाऱ्याचे होतात. मालकाला त्याची मजुरी आणि भांडवलाचा मोबदला उरतो, जास्तीचे काही नाही. यंत्र तेच, खर्चही तोच. नफ्याची वाटणी बदलली ती नव्या येणाऱ्यांमुळे.

यावर कोणी म्हणेल, दर उतरला कुठे, तो तर दरवर्षी वाढतोच आहे. डिझेल आणि मजुरी वाढली की रुपयातला दर वाढणारच. पाहायचे ते दर आणि यंत्राचा खर्च यांतले अंतर, आणि स्पर्धेने आटते ते हे अंतर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऑक्टोबरात आभाळ भरून आले, सुडी शेतात पडून आहे, अशा वेळी यंत्रवाला मागेल तो दर द्यावा लागतो. हे खरेच आहे. सगळ्यांचे सोयाबीन एकदम निघते आणि त्या आठवड्यात नवे यंत्र उभे राहू शकत नाही. पण ती तात्पुरती टंचाई असते; असा महागडा हंगाम गेला की पुढच्या वर्षी यंत्रे वाढतात. पंजाबातून फिरतीवर येणारे हार्वेस्टरही याच ओढीने येतात. या सगळ्यात सोंगणी आणि मळणीच्या मजुरांचे जे कामाचे दिवस गेले, त्यांची भरपाई मात्र कुठल्याच दराने केली नाही.

स्पर्धेची एक किंमत शेतकऱ्यालाही मोजावी लागते. दर पडला की मालक दिवसाला जास्त पोती काढून भरपाई करू पाहतो आणि ड्रमचे फेरे वाढवतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते. दाणा फुटून डाळ होते, किंवा वरून साबूत दिसला तरी आतला अंकुर दुखावतो. पोत्यात हात घातल्यावर डाळ दिसली की गती जास्त झाली, हे ओळखावे. घरचे बियाणे ठेवायचे असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाहावे. सत्तरपेक्षा कमी उगवले तर मळणीत वाचलेले पैसे पेरणीत गेले.

शेतकऱ्याकडे आलेली बचत तरी त्याच्याकडे टिकते का? सोयाबीनचा भाव किन्हीराजात ठरत नाही. तो तेल आणि पेंडीच्या बाजारावर, म्हणजे ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर आणि आपल्या आयात शुल्कावर हलतो. म्हणून इथली मळणी स्वस्त झाली तरी त्यामुळे भाव पडत नाही. पण मध्य प्रदेशापासून ब्राझीलपर्यंत सगळीकडेच खर्च उतरतो आणि पेरा वाढतो, तेव्हा भाव दबतो आणि बचत खाद्यतेल विकत घेणाऱ्या घरांत जाते. 2024 च्या हंगामात 4892 रुपये हमीभाव असताना बाजारातला भाव त्याच्या खाली राहिला. त्यातूनही जे उरते ते जमिनीकडे सरकते. यंत्रे वाढवता येतात, गावाचे शिवार वाढवता येत नाही. एकरी चार पैसे जास्त सुटू लागले की मक्त्याने करणारे चौघे पुढे येतात आणि मक्ता चढतो. स्वतःच्या रानात पेरणाऱ्याला ही वाढ घरातच मिळते. मक्त्याने कसणाऱ्याला ती मालकाला मोजून द्यावी लागते.

म्हणून कर्ज काढून हडंबा घेऊ पाहणाऱ्या तरुणाला एवढेच सांगणे आहे: पहिल्या यंत्रवाल्याने काय कमावले ते विचारू नका. गावात आज यंत्रे किती, हंगामाचे दिवस किती आणि आपल्या वाट्याला पोती किती येतील, ते मोजा. यंत्राचा वर्षाचा ठरलेला खर्च एक लाख धरला, तर 2000 क्विंटलवर तो क्विंटलमागे 50 रुपये पडतो आणि 1000 क्विंटलवर 100. दर मात्र दोन्ही वेळा गावाचाच राहतो.