४.२ तारे नेमके कुणाचे?

समजा, हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून तुम्हाला ऑफर आली आहे. काम टेस्टिंगचं आहे, कंपनीत साडेचारशे माणसं आहेत आणि होकार कळवायला चार दिवस हातात आहेत. ओळखीचं कुणी तिथं नाही. मग फोनवर ग्लासडोअर किंवा अँबिशनबॉक्स उघडलं जातं. कंपनीच्या नावाशेजारी ठळक आकडा दिसतो, ४.२, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ४६ अभिप्राय. बहुतेक जण इथंच थांबतात. चारच्या वर आहे, म्हणजे चांगली कंपनी, असं म्हणून फोन खाली ठेवला जातो.

ही कंपनी कल्पित आहे, पण असे आकडे या संकेतस्थळांवर जागोजागी दिसतात. म्हणून त्या ४६ अभिप्रायांची एकेक पदर सोडवत चिरफाड करून पाहू. अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ज्या जागी पुढची दोन-तीन वर्षं काढायची आहेत तिच्यासाठी तो द्यायलाच हवा.

पहिलं काम तारखांचं. अभिप्राय उघडताना संकेतस्थळ स्वतःच्या हिशेबानं क्रम लावून देतं. तो बदलून सर्वांत नवे आधी असा लावायचा आणि कोणत्या महिन्यात किती अभिप्राय आले, हे कागदावर मांडायचं. आपल्या उदाहरणात एरवी महिन्याला एखाद-दुसरा अभिप्राय आहे, पण गेल्या ऑक्टोबरात अचानक १८ आलेत. अठराच्या अठरा पाच ताऱ्यांचे. मजकूर दोन ओळींचा: वातावरण छान, सहकारी मदत करतात, शिकायला मिळतं. उणिवांच्या रकान्यात ‘काही नाही’.

असं का होतं, हे आता गुपित राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं २०१९च्या जानेवारीत ग्लासडोअरवरच्या अभिप्रायांची मोठी छाननी प्रसिद्ध केली. चारशेहून अधिक कंपन्यांच्या बाबतीत एखाद्या महिन्यात अभिप्रायांची संख्या एकदम उसळलेली आढळली, आणि त्या उसळीत पाच ताऱ्यांचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त होतं. ‘उत्तम कंपन्यां’च्या याद्या जाहीर होण्याआधी किंवा मोठी भरती काढण्याआधी एचआर विभाग कर्मचाऱ्यांना लिहायला सांगतो. हे अभिप्राय खोटेच असतील असं नाही. लिहिणारा माणूस खरा असतो, कदाचित समाधानीही असतो. पण नव्यानं रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एचआरकडून लिंक आली, तर तो काय लिहील? त्याला अजून पहिला पगारही मिळालेला नसतो. म्हणून हे १८ बाजूला ठेवायचे. उरलेल्या २८ अभिप्रायांची सरासरी येते ३.७.

इथं एक खुलासा करतो. ग्लासडोअर वरचा आकडा काढताना नव्या अभिप्रायांना जास्त वजन देतं, त्यामुळे आपली साधी सरासरी त्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आणि नव्याला वजन जास्त म्हटल्यावर अलीकडच्या अशा उसळीचा परिणाम कमी होत नाही, वाढतो.

उरलेले २८ तरी कंपनीचं खरं चित्र आहेत का? तेही पूर्ण नाही. कुणी न सांगता आपणहून लिहायला बसणाऱ्याच्या मनात काहीतरी साचलेलं असतं. अप्रेझलमध्ये डावललेला माणूस राजीनामा देऊन घरी आल्यावर लिहितो, आणि चांगला मॅनेजर लाभलेला उत्साहानं लिहितो. बरं चाललंय, फार काही नाही, असं ज्याचं मत आहे तो लिहीतच नाही, आणि कुठल्याही कंपनीत अशीच माणसं भरपूर असतात. इओआना मारिनेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला आहे. सहकाऱ्यांपैकी काही जण ग्लासडोअरमध्येच काम करणारे होते. ग्लासडोअरची जुनी पद्धत अशी की, इतरांचे अभिप्राय पूर्ण वाचायचे असतील तर आधी स्वतःचा एक द्यायचा. या अटीमुळे लिहिणाऱ्यांची मतं आणि आपणहून लिहिणाऱ्यांची मतं त्यांनी ताडून पाहिली. आपणहून लिहिणारे टोकांना जास्त झुकलेले निघाले. अटीमुळे लिहिणाऱ्यांत मधली, मवाळ मतं अधिक आली. म्हणजे ही अट वाचकाला त्रासदायक वाटली तरी तिच्यामुळे चित्र सुधारतं. तिची दुसरी बाजूही मला दिसते: फक्त कुलूप उघडावं म्हणून चार शब्द टाकून मोकळी होणारी माणसं. तो मजकूर वाचण्यात वेळ घालवू नये.

आता वय. आपल्या २८ पैकी १२ अभिप्राय तीन वर्षांहून जुने आहेत आणि त्यांची सरासरी ४.२५ आहे. तीन वर्षांपूर्वी ही कंपनी दीडशे माणसांची होती, मालक स्वतः मजल्यावर फिरत असत, काम घरून चालायचं. पुढे मोठ्या समूहानं ती विकत घेतली. म्हणजे जुनी स्तुती खरी असली तरी ती आज अस्तित्वात नसलेल्या कार्यालयाची आहे. २०२० ते २०२२ या काळातले अभिप्राय तर वेगळेच वाचावे लागतात. तेव्हा बहुतेक आयटी कंपन्यांत काम घरून होतं आणि त्या काळाच्या उत्तरार्धात माणसं मिळत नसल्यानं पगारवाढीही मोठ्या मिळत होत्या. नावं बदलतात तेव्हाही गोंधळ होतो. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री या दोन कंपन्या नोव्हेंबर २०२२ मध्ये एक होऊन एलटीआयमाइंडट्री झाली. अशा ठिकाणी अभिप्राय नेमका कुठल्या कंपनीतल्या दिवसांबद्दल आहे, हे तारखेवरूनच कळतं. शिवाय लिहिण्याची तारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख एकच नसते. ‘माजी कर्मचारी’ असं लिहिलं असेल तर सोडल्याचं वर्षही पाहायचं. जुने १२ वगळल्यावर उरले १६, सरासरी ३.२५.

या सोळांत नऊ जण विक्री आणि कस्टमर सपोर्टमधले आहेत. त्यांची सरासरी ३. तक्रारी टार्गेटच्या आणि रात्रपाळीच्या. तुम्हाला जायचंय टेस्टिंगला. टेस्टिंग आणि डेव्हलपमेंटमधले अभिप्राय फक्त ७. त्यांनी दिलेले तारे असे: ४, ४, ३, ४, २, ५, ३. सरासरी साधारण ३.६.

म्हणजे ४.२ वरून निघून आपण ३.६ वर आलो. हा खरा आकडा का? नाही, आणि इथंच सर्वांत जास्त सावध राहायला हवं. सात मतांत एकच माणूस बदलला, पाच तारे देणाऱ्याच्या जागी एक तारा देणारा आला, तर सरासरी ३.६ वरून थेट ३ वर येते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं, ही सात माणसं त्या विभागातून चिठ्ठ्या टाकून निवडली असती तरीही, विभागाचं खरं सरासरी मत साधारण २.७ ते ४.५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकलं असतं. आणि इथं चिठ्ठ्या कुणी टाकलेल्याच नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. कंपनीत प्रत्येक विभागाची चूल वेगळी. म्हणून ३.६ची कंपनी आणि ३.९ची कंपनी यांत अभिप्राय मूठभर असतील तर काहीही फरक मानू नये.

मग मोठ्या कंपनीचं बरं, तिथं अभिप्राय हजारोंनी असतात, असं वाटेल. संख्या वाढली की योगायोगाचा हेलकावा कमी होतो, हे खरं. पण कोण लिहितं आणि कोण गप्प बसतं, हा कल संख्येनं धुऊन निघत नाही. टीसीएससारख्या सुमारे सहा लाख माणसांच्या कंपनीत सरासरी आकडा स्थिर असेलही, पण तुमचा दिवस कसा जाणार हे ठरतं प्रोजेक्टवर, क्लायंटवर आणि मॅनेजरवर. त्याबद्दल तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

आकडे इथवरच कामाचे. आता ते सात अभिप्राय आणि बाकीचे नऊ अक्षरशः वाचून काढायचे. वाचताना मी मजकुराचे दोन भाग करतो. ‘राजकारण फार’, ‘मॅनेजमेंट बेकार’ हे मनातलं. ते खोटं नसतं, पण तपासता येत नाही. ‘नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि बायआउट देत नाहीत’, ‘व्हेरिएबल पे दोन तिमाही थांबलाय’, ‘पीएफ उशिरा भरतात’ हे तपासता येण्याजोगं. अशी ठोस गोष्ट वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या विभागांतून आणि वेगळ्या शब्दांत आली, तर ती बहुधा खरी असते. सर्वांत जास्त विश्वास मी ठेवतो तो चार तारे देणाऱ्यानं उणिवांत लिहिलेल्या तक्रारीवर. त्याला कंपनीवर राग काढायचा नसतो, तरी ती गोष्ट त्याला लिहावीशी वाटते. उलट, कुणी मोघम लिहिलं म्हणून ते टाकाऊ समजू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं झुरू या खेळणी कंपनीच्या मागणीवरून, तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांची ओळख देण्याचा आदेश ग्लासडोअरला दिला होता. छोट्या कार्यालयात तर न्यायालयाचीही गरज नसते. दोन वाक्यांवरून लिहिणारा कोण हे शेजारच्या टेबलाला कळतं.

आपल्या उदाहरणात सोळांपैकी पाच जणांनी, त्यात दोन चार ताऱ्यांचे, पीएफ उशिरा भरला जात असल्याचं लिहिलंय. हे घरबसल्या पाहता येतं. ईपीएफओच्या संकेतस्थळावर `Establishment Search` मध्ये कंपनीचं नाव टाकलं की आस्थापनेची नोंद सापडते. तिथं कोणत्या महिन्याची वर्गणी कोणत्या तारखेला जमा झाली आणि ती किती कर्मचाऱ्यांसाठी होती, हे दिसतं. नियमानं वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. एखादा महिना दोन दिवस चुकला तर तो कारकुनी उशीर असेल. पण सलग पाच-सहा महिने महिना-महिनाभर उशीर असेल, तर पैशाची ओढाताण आहे. कर्मचाऱ्यांचा आकडा महिन्यागणिक घसरत असेल, तर माणसं निघून चालली आहेत, हे कुठल्याही अभिप्रायाआधी इथं कळतं. मात्र एकाच कंपनीच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, तेव्हा ऑफर लेटरवर जे नाव आहे तेच शोधायचं.

ज्या गोष्टी नोंदींत सापडत नाहीत त्या एचआरला विचारायच्या, पण अभिप्रायाचा हवाला न देता. “तुमच्याबद्दल असं असं लिहिलंय” म्हटलं की समोरचा माणूस बचावात जातो. त्याऐवजी सरळ विचारावं: गेल्या दोन तिमाहींत व्हेरिएबल पे किती टक्के दिला? टेस्टिंगच्या टीममध्ये आज किती जण आहेत आणि वर्षापूर्वीच्यांपैकी किती राहिले? बायआउट मिळतो का, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का? आकड्याला आकड्यानं उत्तर आलं तर बरं. “ते रुजू झाल्यावर कळेल” असं उत्तर आलं, तर होकार कळवण्याआधी त्याच टेस्टिंग टीममधल्या, शक्यतो गेल्या वर्षभरात कंपनी सोडलेल्या, दोन माणसांना लिंक्डइनवर शोधून फोनवर बोलण्याची विनंती करावी.