चुकीने दिलेल्या पैशाचे प्रत्यर्पण

एखाद्याने देय नसलेली रक्कम चुकीने दुसऱ्यास दिली असता ती परत मिळविण्याचा देणाऱ्याचा हक्क व ती परत करण्याची घेणाऱ्याची जबाबदारी. दोघांमध्ये कोणताही करार झालेला नसतो, आणि घेणाऱ्याने पुष्कळदा कोणतेही गैरकृत्यही केलेले नसते. तरीही दुसऱ्याच्या हानीतून झालेला निराधार लाभ कोणी स्वतःकडे ठेवू नये, या तत्त्वावर ही जबाबदारी आधारलेली आहे. या तत्त्वास ‘अन्याय्य समृद्धी’चे तत्त्व म्हणतात. बँकेतून रक्कम पाठविताना खातेक्रमांक चुकल्यामुळे ती परक्या खात्यात जमा होणे, हे या तत्त्वाचे आजचे सर्वांत परिचित उदाहरण होय.

इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६० साली मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या दाव्यात या तत्त्वाची मांडणी केली. भारतात ते भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या पाचव्या प्रकरणात संहिताबद्ध झाले आहे. करारासारख्या भासणाऱ्या, परंतु करारातून न उद्भवलेल्या संबंधांविषयीचे हे प्रकरण असून त्यातील कलम ७२ अन्वये ज्याला चुकीने किंवा बळजबरीमुळे पैसा दिला गेला असेल, त्याने तो परत केलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने महाबीर किशोर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८९) या निकालात अन्याय्य समृद्धीची तीन अंगे सांगितली : प्रतिवादीस लाभ झाला पाहिजे, तो वादीच्या खर्चाने झाला पाहिजे आणि तो ठेवून घेणे अन्याय्य असले पाहिजे.

*चुकीचे स्वरूप* : रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक प्रदानात रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा केली जाईल आणि तो क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची राहील. म्हणजे अर्जात नाव एकाचे व क्रमांक दुसऱ्याचा असला, तर रक्कम क्रमांकाच्या धन्याकडे जाते. पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळून पाहण्याची सोय एनईएफटी व आरटीजीएस या पद्धतींसाठी बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. या सोयीने अशा चुका टळू शकतात. पण झालेली चूक तिने दुरुस्त होत नाही.

येथे बँकेची चूक आणि ग्राहकाची चूक यांत भेद केला पाहिजे. १० ते १३ नोव्हेंबर २०२३ या काळात यूको बँकेच्या तांत्रिक बिघाडामुळे सुमारे ८२० कोटी रु. तिच्या अनेक ग्राहकांच्या खात्यांत चुकीने जमा झाले. बँकेने ती खाती गोठविली आणि काही दिवसांतच सुमारे ६४९ कोटी रु. परत मिळविले. नोंद तिची स्वतःची व खातीही तिच्याचकडची असल्यामुळे हे शक्य झाले. ग्राहकानेच चुकीचा क्रमांक दिला असेल, तर बँकेने त्याची आज्ञा बरोबर पाळलेली असते. अशा वेळी रक्कम मिळालेल्या खातेदाराच्या संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या आदेशावाचून ती त्याच्या खात्यातून काढून देता येत नाही. रक्कम खरोखर कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार बँकेला नाही.

*हयगय व खर्च यांचा बचाव* : रक्कम मिळालेला मनुष्य बहुधा दोन उत्तरे देतो. ‘चूक तुमची, मी काय करू?’ हे पहिले. त्याचा विचार केली विरुद्ध सोलारी (१८४१) या इंग्रजी निकालात झाला. मृताची विमापत्रिका हप्ता न भरल्यामुळे रद्द झाली होती. परंतु कंपनीचे संचालक ते विसरले व त्यांनी विम्याची रक्कम विधवेस दिली. देणाऱ्याने काळजी घेतली नाही एवढ्याच कारणाने त्याचा हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. कलम ७२ मध्येही चूक निर्दोष असावी अशी अट नाही.

दुसरे उत्तर असे, की ‘पैसा आता माझ्याजवळ राहिला नाही’. या उत्तरामागील खरी अडचण महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिसून आली. २०२१ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पैठण तालुक्यात एका शेतकऱ्याच्या बँक खात्यात १५ लाख रु. जमा झाले. ही रक्कम वस्तुतः एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांसाठी होती. ती शासनाकडून आपल्यालाच मिळाली, अशा समजुतीने शेतकऱ्याने सुमारे ९ लाख रु. घर बांधण्यासाठी खर्च केले. काही महिन्यांनी चूक उघडकीस येऊन परतफेडीची मागणी झाली, तेव्हा रोख रकमेच्या जागी भिंती उभ्या होत्या. एकीकडे सार्वजनिक निधी, तर दुसरीकडे खर्च करून बसलेले कुटुंब, असा हा पेच होता.

लिपकिन गोर्मन विरुद्ध कार्पनेल (१९९१) या निकालाने इंग्लंडमध्ये परिस्थिती बदलल्याचा बचाव मान्य झाला. सद्‌भावनेने रक्कम घेणाऱ्याची स्थिती तिच्यामुळे अशी बदलली असेल, की परतफेड करावयास लावणे अन्यायाचे ठरावे, तर तेवढ्यापुरती त्याची जबाबदारी कमी होते. भारतीय कलमाच्या शब्दांत असा अपवाद नाही. विक्रीकर अधिकारी, बनारस विरुद्ध कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ (१९५८) या खटल्यात कर म्हणून मिळालेली रक्कम राज्याने नेहमीच्या कारभारात खर्च करून टाकली होती. त्यामुळे परतफेडीच्या जबाबदारीत फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. कलम ७२ च्या स्पष्ट शब्दांपुढे समन्यायाच्या विचाराला वाव नाही, ही त्या निकालातील भूमिका मात्र नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मफतलाल इंडस्ट्रीज विरुद्ध भारत संघराज्य (१९९६) या करपरताव्याच्या खटल्यात मान्य केली नाही. हे कलमच समन्यायावर आधारलेले असून परतावा मागणाऱ्याने भार स्वतः सोसला असल्याचे दाखविले पाहिजे, असे त्या पीठाने ठरविले. यावरून नुसता ‘खर्च झाला’ हा बचाव दुबळा ठरतो. मात्र सद्‌भावनेने वागलेल्या माणसाची परिस्थिती परतफेडीचे हप्ते व व्याज ठरविताना न्यायालयापुढे मांडता येते. चूक कळल्यानंतर केलेला खर्च सद्‌भावनेचा म्हणता येत नाही.

*वसुलीची रीत* : पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका लहान कारखानदाराचे काल्पनिक उदाहरण घेऊ. कच्चा माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यास त्याने बोईसर येथून एनईएफटीद्वारे १,८०,००० रु. पाठविले. खातेक्रमांकातील शेजारचे दोन अंक उलटे पडले आणि रक्कम त्याच शाखेतील एका अपरिचित खात्यात गेली. आठ दिवसांनी व्यापाऱ्याने तगादा लावला, तेव्हा चूक लक्षात आली.

कारखानदाराने त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी अर्ज द्यावा. त्यात दिनांक, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, अभिप्रेत खाते व प्रत्यक्ष लिहिलेले खाते ही सर्व माहिती असावी. त्याची बँक दुसऱ्या बँकेस कळविते आणि ती आपल्या खातेदाराची संमती मागते. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. येथे मात्र, असे समजू, की खातेदाराने ४०,००० रु. आधीच काढले होते आणि ही रक्कम आपल्या एका जुन्या येण्यापोटी आली, असे सांगून त्याने संमती नाकारली. बँकेने अर्जाकडे दुर्लक्ष केले, तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पण लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो, दोन खातेदारांमधील मालकीचा वाद तो सोडवीत नाही.

यानंतर रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस द्यावी व तीत व्याजाची मागणी स्पष्टपणे नमूद करावी. या दोघांत कोणताही लेखी करार नसल्यामुळे व्याज अधिनियम, १९७८ अन्वये दाव्यापूर्वीचे व्याज अशा नोटिशीत दिलेल्या दिनांकापासूनच मिळू शकते. नोटिशीनंतर आठ महिन्यांनी दावा दाखल झाला आणि न्यायालयाने दरसाल ९ टक्के दर योग्य मानला, तर १,८०,००० रुपयांवर १०,८०० रु. व्याज होईल. नोटीस दिलीच नाही, तर ते बुडते.

खातेदाराचे नाव व पत्ता ठाऊक नसणे ही नेहमीची अडचण असते. गोपनीयतेच्या बंधनामुळे बँक ही माहिती खाजगी पत्रव्यवहारात देत नाही. म्हणून बँकेस दाव्यात पक्षकार करून ती उघड करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागतात. रक्कम ज्या ठिकाणाहून पाठविली तेथे दाव्याचे कारण अंशतः उद्भवते; त्यामुळे खातेदार परगावी राहत असला, तरी पालघर येथील दिवाणी न्यायालयात दावा आणता येतो. खात्यात उरलेले १,४०,००० रु. काढले जाऊ नयेत म्हणून दाव्याबरोबरच मनाई हुकूम किंवा निकालापूर्वीची जप्ती यांसाठी अर्ज करणे इष्ट असते. लेखी करारावर आधारलेल्या ऋणासाठीची संक्षिप्त दाव्याची पद्धत येथे लागू होत नाही.

रक्कम दिली, ती चुकीने दिली व ती देय नव्हती, या गोष्टी वादीने सिद्ध कराव्या लागतात. वरील उदाहरणात व्यापाऱ्याचे बिल, त्याचा खरा खातेक्रमांक आणि त्याच क्रमांकावर पूर्वी गेलेल्या रकमांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की दोन अंकांची अदलाबदल आपोआप दिसते. खातेदाराने जुन्या येण्याचा आधार घेतला, तर ते येणे या कारखानदाराकडूनच होते, याचा पुरावा त्याने दिला पाहिजे. दुसऱ्या कोणाकडून तरी येणे होते, एवढे पुरत नाही. वादीचेच खरे देणे त्या रकमेने फिटले असेल, तर मात्र घेणाऱ्याचा लाभ अन्याय्य राहत नाही व दावा टिकत नाही.

*मुदत व फौजदारी बाजू* : अशा दाव्यास मुदत अधिनियम, १९६३ अन्वये तीन वर्षांची मुदत आहे. चुकीच्या परिणामांपासून दाद मागताना ती चूक कळल्यापासून किंवा वाजवी तत्परतेने कळू शकली असती तेव्हापासून मोजतात. खातेउतारा हाती असताना तो न वाचणाऱ्यास या सवलतीचा फायदा मिळणे कठीण असते. म्हणून रक्कम जमा झाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे मोजणे सुरक्षित होय. बँकेशी चाललेला पत्रव्यवहार किंवा पोलिसांकडील तक्रार यांमुळे मुदत थांबत नाही.

परक्याची रक्कम आहे हे कळूनही ती अप्रामाणिकपणे वापरणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१४ खाली मालमत्तेच्या दुर्विनियोगाचा अपराध होऊ शकतो. रक्कम खात्यात निर्दोषपणे आली असली, तरी नंतरच्या वर्तनाने अपराध घडतो. मात्र फौजदारी खटल्यात आरोपीचा अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. कलम ७२ खालील दाव्यात हेतूचा प्रश्नच येत नाही; रक्कम देय नव्हती एवढे सिद्ध झाले, की प्रामाणिक माणसावरही ती परत करण्याची जबाबदारी येते.