आठ की नऊ? असमानतेच्या उजळणीचे चार आठवडे

बारावीची लेखी परीक्षा संपली की बहुतेक घरांत जेईई आणि सीईटीचं बोलणं सुरू होतं. गणिताची खरी ओढ असलेली काही मुलं मात्र आणखी एक अर्ज भरतात. तो असतो महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आयएसआयचा. तिथल्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.ची प्रवेश परीक्षा सहसा मे महिन्यात असते. पहिला पेपर पर्याय निवडण्याचा असतो, तर दुसऱ्यात आठ प्रश्नांची उत्तरं सविस्तर लिहायची असतात आणि हाताशी दोन तास असतात. या दुसऱ्या पेपरमध्ये चांगली चांगली मुलं अडखळतात. उत्तर त्यांना सापडतं, पण ते सिद्ध करून लिहिता येत नाही. असमानता, म्हणजे क्लासच्या भाषेत इनइक्वालिटी, या विषयात हे सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून रोज दीड तास या एकाच विषयाला द्यायचा झाला, तर तो कसा द्यावा ते इथे मांडतो.

पहिल्या आठवड्यात एकही प्रसिद्ध सूत्र उघडायचं नाही. नववी-दहावीपासून हाताला लागलेल्या सवयी तपासायच्या. हे उदाहरण पाहा: (x+1)/(x−2) > 2. बहुतेक जण x−2 ने दोन्ही बाजूंना गुणतात, x+1 > 2x−4 लिहितात आणि x < 5 हे उत्तर काढून मोकळे होतात. आता x = 0 घालून बघा. डावी बाजू येते −1/2, आणि ती काही 2 पेक्षा मोठी नाही. चूक गुणताना झाली. x−2 ऋण असेल तर चिन्ह उलटतं, आणि तो धन आहे की ऋण हे आपल्याला आधी माहीतच नव्हतं. नीट पद्धत अशी की सगळं एका बाजूला आणायचं, (5−x)/(x−2) > 0 असं रूप मिळवायचं आणि अंश-छेदांची चिन्हं संख्यारेषेवर मांडायची. मग उत्तर मिळतं 2 < x < 5.

इथे चुकीच्या पायरीमुळे खोटी उत्तरं आत शिरली. वर्ग करताना उलट घडू शकतं, खरी उत्तरं निसटतात. √(x+2) > x या प्रश्नात घाईने वर्ग केला तर −1 < x < 2 एवढंच हाती येतं. पण x ऋण असताना उजवी बाजू ऋण आणि डावी शून्य किंवा धन असते, म्हणजे असमानता आपोआपच खरी ठरते. खरं उत्तर आहे −2 ≤ x < 2. पहिल्या सहा दिवसांत अशी रोज पाच-सहा गणितं करावीत: छेदात चल असलेली, वर्गमुळाची, मापांकाची. प्रत्येक उत्तर एक संख्या आतली आणि एक बाहेरची घालून पडताळावं. पडताळणी पंचवीस गणितांत एकदाही चूक दाखवत नसेल, तर हा आठवडा चार दिवसांत आटोपायला हरकत नाही.

दुसरा आठवडा माझ्या मते सगळ्यात मोलाचा. त्याचा पाया एकच वाक्य आहे: कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. a आणि b धन असतील तर (√a − √b)² ≥ 0, आणि कंस सोडवला की a + b ≥ 2√(ab). दोन संख्यांची सरासरी त्यांच्या भूमितीय मध्यापेक्षा कमी नसते, यालाच क्लासमध्ये एएम-जीएम म्हणतात. सूत्र पाच मिनिटांत पाठ होतं. त्यातली दोन कलमं मात्र विसरली जातात. पहिलं, संख्या ऋण असता कामा नये. दुसरं, बरोबरीचं चिन्ह फक्त a = b असताना लागतं.

हे दुसरं कलम विसरलं की काय होतं ते एका गणितात पाहू. हेच गणित पुढचे दोन आठवडेही आपल्यासोबत राहील. a आणि b धन संख्या आहेत, तर (a + 1/b)(b + 4/a) ची किमान किंमत किती?

सरळ वाटणारा रस्ता असा. पहिल्या कंसाला एएम-जीएम लावला, 2√(a/b) मिळालं. दुसऱ्याला लावला, 2√(4b/a) मिळालं. दोघांचा गुणाकार केला, a आणि b उडून गेले आणि उरलं 8. पर्यायांमध्ये 8 असेल तर विद्यार्थी त्यावर खूण करून पुढे जातो.

आता a = 1, b = 1 घाला. किंमत येते 10. a = 1, b = 2 घातलं तर 9. a = 2, b = 1 घातलं तरी 9. आठ मात्र कितीही शोधलं तरी सापडणार नाही, आणि त्याचं कारण त्याच दुसऱ्या कलमात आहे. पहिल्या कंसात बरोबरी यायला a = 1/b, म्हणजे ab = 1 हवं. दुसऱ्यात बरोबरी यायला b = 4/a, म्हणजे ab = 4 हवं. दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. म्हणजे ‘किंमत 8 पेक्षा कमी नाही’ हे विधान खरं आहे, पण ‘किमान किंमत 8 आहे’ हे खोटं. या दोन विधानांमधला फरक ज्याला कळला, त्याचा अर्धा दुसरा आठवडा वसूल झाला.

योग्य वाट कंस सोडवण्याची. गुणाकार केला की ab + 4 + 1 + 4/(ab) मिळतं. ab ला t म्हटलं तर हे t + 4/t + 5 झालं. आता एकदाच एएम-जीएम लावायचा: t + 4/t ≥ 4, आणि बरोबरी t = 2 ला. म्हणून किमान किंमत 9. सूत्र एकदाच वापरल्यामुळे बरोबरीच्या दोन अटी एकमेकींशी भांडायला उरल्याच नाहीत.

याच चुकीचं एक धाकटं रूपही असतं. x + 1/x ची किमान किंमत 2, हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रश्नात x ≥ 3 अशी अट असेल तर? बरोबरी x = 1 ला येते आणि ते तर हद्दीबाहेर आहे. अशा वेळी x चे असे तुकडे पाडायचे की बरोबरी x = 3 वर येईल: x/9 + 1/x + 8x/9. पहिल्या दोन पदांना एएम-जीएम लावला की 2/3 मिळतात, तिसरं पद किमान 8/3 आहे, एकूण 10/3. नऊ कुठून आला असं मुलं विचारतात. तो उत्तराकडून मागे येतो: x = 3 असताना दोन्ही पदं समान व्हायला हवीत, एवढ्यावरून. या आठवड्यात प्रत्येक गणिताखाली ‘समानता कधी?’ असं लिहून त्याचं उत्तर द्यायचं. सुरुवातीला कंटाळा येतो, तरी सोडू नये.

तिसऱ्या आठवड्यात दुसरं मोठं हत्यार येतं, कोशी-श्वार्ट्‌झ. दोन जोड्यांसाठी ते असं: (p² + q²)(r² + s²) ≥ (pr + qs)². घोकण्याऐवजी डाव्यातून उजवी बाजू वजा करून पाहा, उरतं (ps − qr)². म्हणजे इथेही शेवटी वर्गच उभा आहे. आता आपलं जुनं गणित पुन्हा काढा, फक्त दुसऱ्या कंसातली पदं उलटी लिहा: (a + 1/b)(4/a + b). पहिल्या पदांचा गुणाकार 4, त्याचं वर्गमूळ 2. दुसऱ्यांचा 1, वर्गमूळ 1. म्हणून सगळं ≥ (2 + 1)² = 9. दुसऱ्या आठवड्यात चार ओळी लागलेलं गणित एका ओळीत सुटलं, आणि तेही फक्त पदांचा क्रम बदलल्यामुळे.

याच आठवड्यात १९०३ सालची नेस्बिटची असमानता करावी: a, b, c धन असतील तर a/(b+c) + b/(c+a) + c/(a+b) ≥ 3/2. युक्ती अशी की प्रत्येक पदात 1 मिळवायचा, मग तिन्ही अंश a+b+c होतात. छेदांना x, y, z म्हटलं की x+y+z = 2(a+b+c), आणि कोशीवरून (x+y+z)(1/x + 1/y + 1/z) ≥ 9. त्याचं निम्मं 9/2, त्यातून मिळवलेले 3 वजा केले की 3/2. हे एकदा वाचून पुरत नाही. तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर जमलं, तरच ते आलं असं समजावं. आता रोज दोनच गणितं पुरेत, आणि एका गणितावर अर्धा तास जाईपर्यंत उत्तर उघडायचं नाही.

चौथा आठवडा लिहिण्याचा. सगळ्यात जास्त गुण जातात ते सिद्धतेची दिशा उलटी लिहिल्यामुळे. विद्यार्थी जे सिद्ध करायचं त्यापासून सुरुवात करतो, पायऱ्या खाली उतरतो आणि शेवटी एखादं निर्विवाद सत्य आलं की ‘म्हणून सिद्ध’ लिहितो. या पद्धतीने −2 > 1 सुद्धा सिद्ध होतं: दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 4 > 1, खरं आहे! वर्गाची ती पायरी परत वर चढता येत नाही, एवढंच विसरलं गेलं. कच्च्या कागदावर शेवटाकडून सुरुवात जरूर करावी, वाट तशीच सापडते. पण पक्क्या उत्तरात सत्यापासून निघून साध्याकडे यायचं. आपलं गणित असं लिहिलं जाईल:

a, b धन आहेत, म्हणून t = ab > 0. (t − 2)² ≥ 0, म्हणून t² + 4 ≥ 4t. t धन असल्याने त्याने भागल्यावर t + 4/t ≥ 4. दिलेली राशी = t + 4/t + 5 ≥ 9. a = 1, b = 2 घेतल्यास राशी 9 होते. म्हणून किमान किंमत 9.

शेवटून दुसरं वाक्य गाळलं तर सिद्धता अपुरी राहते, कारण मग 9 ही किंमत प्रत्यक्ष गाठली जाते हे कुठेच दाखवलेलं नसतं. ‘t धन असल्याने’ हे शब्दही तितकेच गरजेचे, पहिल्या आठवड्यातली सगळी मेहनत त्या शब्दांसाठीच होती.

आणखी एका सवलतीचा गैरवापर होतो, ‘a ≥ b ≥ c मानू’ या ओळीचा. नेस्बिटमध्ये ती चालते, कारण अक्षरांची कशीही अदलाबदल केली तरी राशी तीच राहते. a/b + b/c + c/a मध्ये ती चालत नाही. तिथे अक्षरं फक्त चक्राने फिरवता येतात, म्हणून ‘a सर्वांत मोठा’ एवढंच मानता येतं. अदलाबदल करून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिकांतले असमानतेचे प्रश्न घड्याळ लावून लिहावेत. दोन तासांत आठ, म्हणजे एकाला सरासरी पंधरा मिनिटं. लिहिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी मित्राला किंवा बहिणीला वाचायला द्यावं, आणि जिथे ती ‘हे कशावरून?’ विचारील तिथे एक ओळ वाढवावी. या दिवसांत शूर, म्युरहेड अशी नवी नावं कानावर येतील. ती शेवटच्या आठवड्यात हातात घेऊ नयेत. एएम-जीएम, कोशी आणि वर्ग ऋण नसतो हे तत्त्व, एवढं पक्कं असलेला विद्यार्थी या पेपरातल्या असमानतेच्या प्रश्नाला बिनदिक्कत हात घालू शकतो.